पास झालेला कान

माझ्या भाच्याच्या फाइलमधलं सगळ्यात जुनं पान म्हणजे एक छोटीशी पावती आहे. थर्मल पेपरवरची, त्यामुळे आता पुसट झालेली. ऑगस्ट २०१९. उजवा कान: पास. डावा कान: पास. जन्मल्यानंतर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये केलेली ओएई चाचणी. या पावतीवर आम्ही सगळे पुढची साडेतीन वर्षं निवांत बसलो. त्यात मीही आलो, आणि माझा तर धंदाच सॉफ्टवेअरचा. एकदा टेस्ट पास झाली म्हणून कोड कायमचा बरोबर, असं टीममधल्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

भाच्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. घरात त्याला बंड्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. बंड्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. त्याचं पहिलं वर्ष हृदयात गेलं, अक्षरशः. हृदयात भोक होतं, जानेवारी २०२० मध्ये ऑपरेशन झालं, आणि त्यातून सावरून ताई-भाऊजी जरा श्वास घेतात तोवर मार्चमध्ये लॉकडाऊन. सहाव्या महिन्यात कान पुन्हा तपासायचे असतात हे डिस्चार्जच्या कागदावर कुठेतरी लिहिलेलं होतं म्हणे. कोणाच्या लक्षात राहणार?

बंड्या बोलायला लागला नाही. तिसऱ्या वर्षी त्याचे दहा-बारा शब्द होते, तेही बहुतेक स्वरांचे. पाणी म्हणजे 'आई'. आई म्हणजे पण 'आई'. चपाती म्हणजे 'आआई'. ताईने एका डॉक्टरांना विचारलं तर उत्तर मिळालं, 'या मुलांचं बोलणं उशिराच येतं, धीर धरा.' हे वाक्य खोटं नाही, आणि तीच त्यातली गोम आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचं बोलणं उशिरा येतंच. जीभ, ओठ, स्नायूंचा ढिलेपणा, शब्दांची स्मरणशक्ती, कारणं बरीच आहेत. पण एका खऱ्या कारणामागे दुसरं खरं कारण दडून बसू शकतं, आणि मग ते कोणी शोधायलाच जात नाही.

घरी आमच्या आईची स्वतःची चाचणी होती. बंड्याच्या पाठीमागे जाऊन ताटावर चमचा वाजवायचा. बंड्या दचकून वळायचा आणि आई विजयी मुद्रेने म्हणायची, 'ऐकू येतंय की चांगलं!' आईला दोष देत नाही, मलाही ते पटलं होतं. पण ताट वाजवून एवढंच कळतं की मूल ठार बहिरं नाही. त्याला पलीकडच्या खोलीतून मारलेली हाक कळते का, 'स' आणि 'श' मधला फरक कळतो का, हे ताटाला काय ठाऊक?

शेवटी एका स्पीच थेरपिस्टने, दुसऱ्याच भेटीत, ताईला विचारलं, 'शेवटची श्रवणचाचणी कधी केली?' ताईने ती २०१९ ची पावती काढली. बाई काही बोलल्या नाहीत. एका कागदावर ऑडिओलॉजिस्टचा नंबर लिहिला आणि म्हणाल्या, 'हे आधी करून या, मग आपण शिकवू.'

तेव्हापासून या विषयात मी बराच शिरलो. डॉक्टर नाही, पण आमच्यासारख्या लोकांना एखादी सिस्टिम का पडते हे कळल्याशिवाय झोप येत नाही. जे समजलं ते सांगतो.

कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते, मध्यकर्ण. तिच्यात हवा असायला हवी, म्हणजे पडदा आणि त्यामागची तीन चिमुकली हाडं मोकळेपणाने हलतात. ही हवा येते एका नळीतून, जी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. विमान उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की 'टक्' होऊन सुटतात, ते याच नळीचं काम. टाळूचे स्नायू तिला ओढून उघडतात. आता डाऊन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, त्यामुळे नळी अरुंद. स्नायूंचा ताण कमी, त्यामुळे ती नीट उघडत नाही. त्यात सर्दी वारंवार होते. नळी उघडली नाही की आतली हवा तिथलं अस्तर हळूहळू शोषून घेतं, दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव झिरपू लागतो. सुरुवातीला पाण्यासारखा, मग घट्ट, अगदी डिंकासारखा. इंग्रजीत त्याला 'ग्लू इअर' म्हणतात ते उगाच नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे दुखत नाही. ताप येत नाही, कान वाहत नाही, मूल कान ओढून रडत नाही. कानाचं इन्फेक्शन वेगळं, त्यात आरडाओरडा होतो आणि आपण डॉक्टरकडे धावतो. इथे फक्त जगाचा आवाज कमी होतो, आणि ज्याचा कमी होतो तो सांगू शकत नाही. त्याला वाटतं जग असंच असतं.

किती कमी होतो? साधारण २० ते ४० डेसिबल. ऐकायला फार वाटत नाही. पण समोरासमोरचं नेहमीचं बोलणं असतं ५०-६० च्या घरात आणि कुजबुज ३० च्या आसपास. बोलण्यातून ४० वजा करा, उरते ती कुजबुजीहूनही हलकी काहीतरी गोष्ट. त्यात बोलण्यातले सगळे आवाज सारख्या जोराचे नसतात. आ, ई, ऊ हे स्वर दणदणीत. प, त, क, फ, स, श हे नुसते हवेचे फटकारे. आवाज खाली गेला की हे आधी बुडतात. बंड्याचं 'आई' आणि 'आआई' आता आठवा. तो पाणी चुकीचं म्हणत नव्हता, त्याला जे ऐकू येत होतं ते बरोब्बर म्हणत होता. मराठीत तर 'ला', 'ने', 'त', 'चा' हे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला, हलक्या आवाजात. तेही गेले. मग वाक्य बनणार कसं?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने, २०११ च्या मार्गदर्शिकेत डाऊन सिंड्रोममध्ये श्रवणाच्या अडचणींचं प्रमाण ७५ टक्के दिलं होतं. म्हणजे चारातल्या तीन मुलांना. आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी सरळ लॅपटॉप बंद करून चक्कर मारायला गेलो. चारात तीन ही शंका घ्यायची गोष्ट नाही, ते गृहीत धरून चालायचं.

आता चाचण्या. जानेवारी २०२३, पुण्यातलं एक क्लिनिक, मी सुट्टी काढून ड्रायव्हर म्हणून गेलेलो. पहिली टिम्पॅनोमेट्री. नाव भयंकर, प्रकार साधा. कानात रबराचं छोटं बोंडूक बसवतात, त्यातून एक घुंईं असा सूर जातो, आणि यंत्र कानातला हवेचा दाब थोडा वर-खाली करतं. पडदा मोकळा असेल तर एका ठरावीक दाबाला तो सूर सगळ्यात जास्त आत जाऊ देतो आणि स्क्रीनवर डोंगरासारखा आलेख येतो. डोंगर मधोमध आला तर टाइप ए, छान. डोंगर ऋण दाबाकडे सरकला तर टाइप सी, म्हणजे नळी बंद पडते आहे, लक्ष ठेवा. डोंगरच नाही, सपाट रेघ, तर टाइप बी. मूल शांत बसलं तर एका कानाचं काम काही सेकंदांत होतं.

बंड्याची रेघ सपाट. दोन्ही कान. ताईचे डोळे भरले. पण ऑडिओलॉजिस्ट म्हणाली, 'थांबा ताई, हा आकडा बघा.' आलेखाशेजारी कानाच्या नळीचं आकारमान येतं, मिलिलिटरमध्ये. ते होतं ०.२. तिने सांगितलं की सपाट रेघेचे तीन अर्थ होऊ शकतात. आकारमान नेहमीसारखं असेल तर पडद्यामागे द्रव. खूप मोठं असेल तर पडद्याला भोक आहे, यंत्र पलीकडची पोकळीही मोजतंय. आणि अगदी लहान असेल तर बोंडूक कानाच्या भिंतीला टेकलंय किंवा समोर मळाचा गोळा आहे. मग पडद्याबद्दल काहीच कळलेलं नाही. या मुलांच्या कानाची नळीही अरुंद असते, त्यामुळे मळ साठतो, आणि साध्या टॉर्चने आत बघणाऱ्या डॉक्टरला पडदा दिसतच नाही. 'कान बघितला, ठीक आहे' असं कोणी दोन सेकंदांत म्हणालं तर नक्की काय बघितलं हे विचारावं.

(एरर मेसेज वाचायचा, नुसतं लाल रंग बघून घाबरायचं नाही, हे मी दर नव्या मुलाला ऑफिसात सांगतो. तिथे मात्र मीही नुसती सपाट रेघ बघून घाबरलो होतो.)

मग ईएनटीकडे जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली मळ काढला. बंड्याने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं, ते वर्णन जाऊ दे. आठवड्याने पुन्हा टिम्पॅनोमेट्री. रेघ सपाटच, पण आकारमान ०.६. आता मात्र अर्थ एकच, द्रव.

त्यानंतर ऐकू किती येतं ते. या वयाच्या मुलाला 'आवाज आला की हात वर कर' सांगून चालत नाही. त्याला आईच्या मांडीवर ध्वनिरोधक खोलीत बसवतात, बाजूच्या स्पीकरमधून सूर येतो, मूल वळलं की तिथल्या काळ्या काचेच्या पेटीत दिवा लागून माकड झांजा वाजवतं. दोन-तीनदा झालं की मुलाला खेळ कळतो: आवाज आला की माकड. मग आवाज कमी कमी करत न्यायचा. इथे मुलाचं खरं वय न बघता समज कितपत आहे ते बघतात, आणि ही मुलं प्रतिसाद द्यायला थोडा जास्त वेळ घेतात, म्हणून घाई करून चालत नाही. बंड्या ४५ डेसिबलच्या खाली वळेना.

पण या पद्धतीत एक भोक आहे, ते तेव्हाच नीट समजून घेतलं म्हणून पुढे उपयोगी पडलं. स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत जातो. म्हणजे जो निकाल येतो तो दोघांतल्या चांगल्या कानाचा. कान वेगवेगळे तपासायचे तर कानात इअरफोन घालावे लागतात, आणि बंड्याने ते काढून ऑडिओलॉजिस्टच्या दिशेने भिरकावले.

म्हणून बेरा. डोक्याला तीन-चार इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या मार्गावरच्या लहरी मोजतात. मूल झोपलेलं हवं. गुंगीचं औषध देता येतं, पण डाऊन सिंड्रोममध्ये झोपेत श्वास अडण्याचा त्रास बऱ्याच जणांना असतो, त्यामुळे शक्यतो नैसर्गिक झोपेत करा असा सल्ला होता. ताईने त्याला पहाटे पाचला उठवलं आणि दुपारपर्यंत जागं ठेवलं. जागं ठेवायचं काम माझ्याकडे होतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला सहा तास जागं ठेवणं हे प्रॉडक्शन सपोर्टच्या नाइट शिफ्टपेक्षा अवघड आहे, अनुभवाने सांगतो. क्लिनिकच्या दारात तो खांद्यावर असा काही झोपला की दोन्ही कान पूर्ण झाले.

उजवा ४५, डावा ५०. मग कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तोच आवाज थेट हाडातून पाठवला. हाडातून गेलेला आवाज पडदा-मध्यकर्ण टाळून सरळ आतल्या कानाला पोचतो. तिथे आकडा आला १५-२०. म्हणजे आतला कान, नस, सगळं शाबूत. अडथळा फक्त वाटेत, द्रवाचा. आतल्या कानाचा दोषही या मुलांमध्ये काहींना असतो, आणि तो आहे की नाही हे या फरकावरूनच कळतं. ताई त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा हसली, आणि मग लगेच रडली. साडेतीन वर्षं. भाषा शिकायची सगळ्यात मोलाची साडेतीन वर्षं.

आणि ती २०१९ ची पावती? ती खोटी नव्हतीच. ओएईत आतला कान स्वतः एक क्षीण आवाज परत बाहेर पाठवतो आणि यंत्र तो ऐकतं. तो बाहेर यायला मध्यकर्ण मोकळा लागतो. त्या दिवशी तो मोकळा होता. द्रव नंतर आला, गेला असेल, पुन्हा आला असेल. हा आजारच ये-जा करणारा आहे. आमच्या भाषेत इंटरमिटंट बग, ज्या दिवशी बघायला जावं त्या दिवशी कदाचित दिसणारही नाही. म्हणूनच त्या अमेरिकन संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत वेळापत्रक दिलंय, ते शंका येवो न येवो पाळायचं: जन्मताना, सहाव्या महिन्यात, मग दर सहा महिन्यांनी श्रवणचाचणी आणि टिम्पॅनोमेट्री. दोन्ही कान वेगवेगळे तपासून नॉर्मल सिद्ध होईपर्यंत. त्यानंतर दर वर्षी. आणि नळी इतकी अरुंद असेल की पडदा दिसत नाही, तर दर तीन ते सहा महिन्यांनी ईएनटीकडे.

द्रव दिसला की लगेच चिरफाड करत नाहीत. तीन महिने वाट बघतात, कारण पुष्कळदा तो आपसूक जातो. अँटिबायोटिकने किंवा सर्दीच्या गोळ्यांनी तो जात नाही, आणि आम्हाला एका ठिकाणी त्या लिहून दिल्या होत्या हेही नोंदवून ठेवतो. एप्रिलमध्ये पुन्हा तपासलं, रेघ सपाटच. मग दोन पर्याय. एक ग्रोमेट: पडद्याला बारीक छेद देऊन त्यात बटणासारखी पोकळ नळी बसवतात, म्हणजे युस्टेशियन नळीचं काम तात्पुरतं पडद्यातून होतं. दुसरा श्रवणयंत्र. दोन्हीकडे जाणते लोक आहेत. ब्रिटनमधल्या २००८ च्या मार्गदर्शिकेत (२०२३ मध्ये तिच्या जागी नवी आली) या मुलांना साधारणपणे श्रवणयंत्र द्यावं असं होतं, कारण अरुंद नळीत ग्रोमेट बसवणं कठीण, ते लवकर पडतं, कान वाहू शकतो आणि मग पुन्हा भूल. अमेरिकेत कल ग्रोमेटकडे.

आम्ही ग्रोमेट निवडलं, मे २०२३. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांनी मानेबद्दल बरंच विचारलं. या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके कधीकधी सैल असतात आणि कानाच्या ऑपरेशनला डोकं कुशीवर वळवावं लागतं. शिवाय श्वासनलिकाही वयाच्या मानाने अरुंद असू शकते. त्यांनी स्वतःहून विचारलं हे बरं झालं. नाहीतर आपण सांगायचं.

जूनमध्ये चाचणी: २५. गाडीत बसल्यावर बंड्या इंडिकेटरच्या टिकटिकीकडे बोट दाखवत होता, घरापर्यंत. पण लगेच घडाघडा बोलायला लागला असं काही नाही. सिनेमात होतं तसं होत नाही. हळूहळू 'पाणी'तला 'प' आला. दिवाळीपर्यंत पन्नासेक शब्द झाले. 'मामा' आधीपासूनच येत होतं, त्याबद्दल मी ताईला अजून चिडवतो.

आता जे सांगायला हे सगळं लिहायला घेतलं ते. डिसेंबर २०२३. सहा महिने झाले म्हणून तारीख आली. घरात कोणालाच शंका नव्हती. बंड्या हाकेला ओ देत होता, शिकत होता, सर्दीही नव्हती. भाऊजी म्हणाले, 'उगाच कशाला, पोरगं छान आहे, मार्चमध्ये बघू.' माझंही मत तेच होतं हे कबूल करतो. ताई एकटी हट्टाला पेटली.

स्पीकरवाल्या चाचणीत निकाल आला २५. नॉर्मलच्या आसपास. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मग टिम्पॅनोमेट्री. डावीकडे सपाट, आकारमान २.१; म्हणजे ग्रोमेट जागेवर, मोकळं, यंत्र आरपार मोजतंय. इथे सपाट रेघ ही चांगली बातमी. उजवीकडे सपाट, आकारमान ०.५. ग्रोमेट पडलेलं, पडदा बुजलेला, मागे पुन्हा द्रव.

या वेळी इअरफोनही जमले. ताईने दोन महिने घरी खेळ घेतला होता: टाळी ऐकू आली की डब्यात ठोकळा टाकायचा, कानाला जुना हेडफोन लावून. उजवा कान ४० निघाला. स्पीकरच्या चाचणीत चांगल्या डाव्या कानाने त्याला झाकून घेतलं होतं. एका कानावर समोरासमोर, शांत घरात भागतं. तीस मुलांच्या वर्गात, बाई उजवीकडे उभ्या असताना, भागत नाही. आणि बंड्यासारखी मुलं डोळ्यांनी फार हुशार असतात. ओठ, हात, दुसरी मुलं काय करतात ते बघून उठतात, बसतात. म्हणजे आपल्याला वाटतं ऐकलं.

मार्च २०२४ मध्ये डावं ग्रोमेटही पडलं होतं आणि दोन्हीकडे द्रव. या वेळी पुन्हा भूल नको म्हणून कानामागची श्रवणयंत्रं घेतली. हाडातून आवाज पोचवणारं, डोक्याच्या पट्ट्यावरचं यंत्र या दुखण्यासाठी उत्तम, कारण द्रव असो-नसो त्याला फरक पडत नाही, पण त्याची किंमत लाखांत. साध्या यंत्राचा साचा मऊ, लहान कानात नीट बसला नाही तर शिट्टी मारतो, आणि कान वाढला की साचा पुन्हा करावा लागतो. तीन साचे झाले आतापर्यंत. एक वॉशिंग मशीनमध्ये सापडला. द्रव गेला की यंत्राचा जोर कमी करायचा, आला की वाढवायचा, म्हणजे तपासणी पुन्हा आलीच.

खर्चाचं म्हणाल तर सुदैवाने आम्हाला झेपलं. ज्यांना खासगी क्लिनिक झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, हाच तिचा विषय. शिवाय २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात बहिरेपणा दोन्ही आहेत; जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्यांच्या केंद्रात चौकशी करता येते.

घरी करण्यासारखी एक गोष्ट ऑडिओलॉजिस्टने शिकवली. सहा आवाज: आ, ई, ऊ, म, स, श. मुलाच्या मागे, हातभर अंतरावर उभं राहून, तोंड दिसू न देता, नेहमीच्या आवाजात एकेक म्हणायचा. त्याने ठोकळा टाकायचा किंवा परत म्हणायचं. काल 'श' येत होता आणि आज येत नाही, तर तारखेची वाट न बघता फोन करायचा. कान साफ आहे की नाही, द्रव आहे की नाही हे यातून कळत नाही, फक्त काहीतरी बदललंय एवढं कळतं. हे काम आमच्या आईकडे दिलंय. ताट-चमचा निवृत्त. रोज सकाळी देवपूजा झाली की ती बंड्याच्या मागे उभी राहून 'शऽऽ' करते आणि बंड्याला वाटतं आजी गप्प बस म्हणतेय, त्यामुळे तोही मागे वळून तोंडावर बोट ठेवून 'शऽऽ' करतो. आई म्हणते, हे पास धरायचं का रे?

मी धरतो म्हणालो.

आतला कानही कायमचा सुरक्षित नाही हे मागच्या भेटीत कळलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांना म्हातारपणी येतो तसा, बारीक सुरांचा बहिरेपणा कितीतरी लवकर, विशी-तिशीतही सुरू होऊ शकतो. म्हणून मोठेपणीही दर वर्षी. ताईच्या फोनमधल्या त्या रिमाइंडरला तिने शेवटची तारीखच टाकलेली नाही.

पुढची अपॉइंटमेंट पाऊस सुरू झाल्यावरची आहे, शनिवार, साडेदहा. शुक्रवारी संध्याकाळी आधी ईएनटीकडे मळ काढायला. ड्रायव्हर मीच.